आधी चेहरा झाकायचा

पार्लरमध्ये येणारी प्रत्येक बाई हल्ली मोबाइल पुढे करते आणि म्हणते, "असं." एवढंच. असं. फोटोत कुणीतरी विशीतली मुलगी असते, दाट केसांची, लांब मानेची. खुर्चीत बसलेल्या बाईचे केस मात्र बाळंतपणात गळून निम्मे झालेले असतात. कापून झालं की ती आरशात बघते आणि तोंड पाडते, जणू माझ्या कात्रीनेच तिचं वय वाढवलंय.

या रोजच्या कटकटीला कंटाळून दोन वर्षांपूर्वी मी टॅब घेतला आणि ट्रायल फोटो करायला लागले. बाईचा एक फोटो खिडकीच्या उजेडात काढायचा, केस मागे घट्ट बांधून, चष्मा उतरवून, म्हणजे कपाळाची रेघ आणि कान नीट दिसतात. मग तिला आवडलेल्या केसांचा फोटो घ्यायचा. दोन्ही फोटो एआयच्या ॲपला द्यायचे आणि स्पष्ट लिहायचं: पहिल्या फोटोतला चेहरा, वय, कातडी, कपडे सगळं तसंच ठेव, दुसऱ्या फोटोतून फक्त केसांची लांबी, भांग आणि कट घे, दाटपणा पहिल्या बाईचाच ठेव. इतकं बजावलं नाही तर ते ॲप लाडात येतं. सुरकुत्या पुसतं, तीळ खातं, नाक सरळ करतं. बाई खूश होते आणि मी फसते.

या कामात माझा एक नियम आहे, तो मी चार जणींचे फोटो बिघडवून शिकले. दुसऱ्या फोटोतला चेहरा आधी झाकायचा. बोटाने राखाडी रंग फासायचा त्याच्यावर, भुवयांपासून हनुवटीपर्यंत. दोन चेहरे दिले की त्या ॲपचा गोंधळ उडतो आणि केसांबरोबर दुसरीचा चेहराही पहिलीवर येऊन बसतो. थोडासाच येतो. पटकन कळतही नाही.

माझं 'भावना पार्लर' ठाण्यात, कोलशेतला आहे. सासऱ्यांच्या शेतावर जी इमारत उभी राहिली, तिच्या तळमजल्यावरचा गाळा आमच्या वाट्याला आला. माझी सासू आवडाबाई दिवसभर दारापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांवर शेरे मारते. बायका रागावत नाहीत, त्या तिच्यासाठी खाऊ आणतात. मला मात्र अठरा वर्षांत तिने एकदाही बरं म्हटलेलं नाही.

सुमतीकाकू आल्या त्या लग्नसराईत, जानेवारीत. सदुसष्ट वर्षांच्या. डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या, आणि ते त्यांच्या बोलण्यात लगेच कळायचं. मुलगा सुश्रुत परदेशात. त्याने इथल्या टॉवरमध्ये फ्लॅट घेऊन दिला, म्हणून नवरा-बायको तीन वर्षांपूर्वी डोंबिवली सोडून इकडे आलेले. मी त्यांना भाजी घेताना बघायचे. मानेवर मोठा अंबाडा असायचा, एकही बट सुटलेली नाही.

त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी अंबाडा सोडला. केस कमरेच्या खाली गेले. अर्धे पांढरे, अर्धे काळे, आणि इतके तुकतुकीत की मी हातातला कंगवा खाली ठेवला.

"हे कापायचेत," काकू म्हणाल्या. "असे."

फोटो कागदाचा होता, मोबाइलवरचा नव्हे. एक मुलगी खिडकीत बसून हसत होती. केस हनुवटीच्या जरा खाली, डावीकडे भांग, आणि कपाळावरून तिरकी आलेली झुलपं जवळजवळ डोळ्यापर्यंत.

"कोण आहे ही? छान दिसते."

"आहे एक ओळखीची."

"पण काकू, एवढे केस? का?"

"गुंता फार होतो. आणि मला वेळ नसतो, यांचं सगळं करावं लागतं."

काका, म्हणजे विश्रामकाका, आजारी असल्याचं मला उडत उडत माहीत होतं. विसरतात, असं कुणीतरी म्हणालं होतं. ठाण्याच्या कॉलेजात गणित शिकवायचे. मी जास्त विचारलं नाही. खरं तर विचारायला हवं होतं. केस कापायच्या आधी पहिला प्रश्न हाच असतो, की हे का करायचंय आणि कोणासाठी. मी नव्या मुलींना हेच शिकवते.

दारातून सासूबाई ओरडल्या, "काय गो बाय, एवढे केस कापतंस? मना नाय बघवत!"

काकू नुसत्या हसल्या.

मी त्यांना सांगितलं, आज कात्री लावणार नाही. ट्रायल फोटो करून पाठवते, दोन दिवस बघा, मग बसून ठरवू. खिडकीपाशी नेऊन त्यांचे तीन फोटो काढले, समोरून, बाजूने, मागून. मानेवर केसांचा भोवरा होता, तोही बघून ठेवला, कारण आखूड कापल्यावर तिथले केस उभे राहतात आणि हे कुठल्याही फोटोत दिसत नाही. हनुवटीवर उजवीकडे त्यांना ठसठशीत तीळ होता. मुलीच्या फोटोचाही मी फोटो घेतला.

केस काळे करायचे का, हेही विचारलं. त्या म्हणाल्या, मला रंग सोसत नाही, तोंड सुजतं. मग पांढऱ्या-काळ्या केसांचाच बॉब करायचा असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे तीन नवऱ्या होत्या. एकीची हळद, दोघींच्या ट्रायल. दोन हेअरस्टाइलच्या मधल्या वेळात, एका हातात बटाटावडा धरून मी काकूंचा फोटो करायला बसले. मुलीच्या चेहऱ्यावर राखाडी रंग फासायला गेले, तर झुलपं मधे यायला लागली. चेहरा झाकला की झुलपं झाकली जात होती, आणि या कटमध्ये सगळी गंमत त्या झुलपांचीच. भुवईखालून, केसांच्या कडेकडेने, सावकाश झाकता आलं असतं. दहा मिनिटांचं काम. पण बाहेर नवरीची आई घड्याळ बघत होती. मी म्हटलं, जाऊ दे, एवढं बजावून लिहितेय की चेहरा बदलू नको म्हणून.

फोटो आला. मी बघितला तो केसांपुरता. झुलपं अगदी हवी तशी पडलेली, लांबी बरोबर, पांढऱ्या बटा नैसर्गिक. काकू दहा वर्षांनी तरुण वाटत होत्या, तर मी म्हटलं, आखूड केसांनी होतंच तसं. पाठवून दिला. खाली माझं नेहमीचं वाक्य: हा अंदाज आहे काकू, वचन नाही. भेटून बोलू.

निळ्या टिक्स आल्या. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करते तर काकू बाहेर उभ्या. डोळे सुजलेले होते, पण चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मी दचकले.

"काप," त्या म्हणाल्या. "आत्ताच काप. शेजारच्या भावनगरी वहिनींना यांच्याजवळ बसवून आलेय, माझ्याकडे दोन तास आहेत."

"काकू, आधी बसा. चहा घ्या."

त्या बसल्या आणि मग एका दमात सगळं बोलल्या. चार महिन्यांपासून काका त्यांना ओळखत नव्हते. घरात कुणीतरी परकी बाई शिरलीय असं त्यांना वाटायचं. त्यांनी घास पुढे केला की तोंड फिरवायचे. कधी चमचा उडवायचे. वजन बारा किलोने उतरलं. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. आणि दिवसभर एकच विचारायचे, आसावरी आली का?

"आसावरी कोण?" मी विचारलं.

"माझी मुलगी. त्या फोटोतली." काकू चहाच्या कपाकडे बघत होत्या. "अकरा वर्षं झाली. डेंग्यू झाला, चार दिवसांत गेली. सव्वीस वर्षांची होती. यांना तेच तेवढं आठवत नाही, ती गेल्याचं. पहिल्यांदा मी सांगायचे. दर वेळी ते नव्याने रडायचे, मग मी सांगणं सोडलं."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"मला वाटलं, तिच्यासारखे केस केले तर निदान ओळखीचं कुणीतरी वाटेन मी त्यांना. परकी नाही वाटणार. घास घेतील. आणि काल तू फोटो पाठवलास. मी तो जेवताना त्यांच्यासमोर धरला. भावना, ते इतके हसले! म्हणाले, आसावरी, अगं किती केस पिकले तुझे! फोटो वाटीला टेकवून ठेवला आणि मऊ भात भरवला. अख्खी वाटी खाल्ली. चार महिन्यांत पहिल्यांदा."

मी टॅब उघडला. या वेळी केस नाही बघितले, चेहरा बघितला.

हनुवटीवर तीळ नव्हता. डाव्या गालावर खळी होती. काकूंच्या गालाला खळी पडत नाही. फोटोत जी हसत होती ती सुमतीकाकू नव्हतीच. ती आसावरी होती, पांढऱ्या केसांची, डोळ्यांभोवती सुरकुत्या असलेली, साठीला पोचलेली आसावरी. कधीच न झालेली.

मला माझ्याच मुस्कटात दोन माराव्याशा वाटल्या. दहा मिनिटं वाचवायला गेले, बटाटावडा खात.

"काकू," मी म्हटलं, "माझ्याकडून चूक झालीय. फार मोठी. हा चेहरा तुमचा नाही. मी तिचा चेहरा झाकायला हवा होता, झाकला नाही, तो तुमच्यावर उतरला. केस कापल्यावर तुम्ही अशा दिसणार नाही. काकांनी ओळखलं ते केसांमुळे नाही, चेहऱ्यामुळे."

त्यांनी कप खाली ठेवला.

"मी आता नीट करून दाखवते," म्हटलं, आणि त्यांच्यासमोरच बसले. कडेकडेने, झुलपं सांभाळत, भुवईखालून तो हसरा चेहरा राखाडी केला. पोरीचा चेहरा पुसतेय तिच्या आईसमोर, असं वाटत होतं, आणि तेच तर करत होते. काकूंनी मान वळवली.

नवा फोटो आला. सुमतीकाकू, तीळ, सुरकुत्या, थकलेले डोळे, आणि भोवती तरुण मुलीचा बॉब. वाईट नव्हतं. पण ती आसावरी नव्हती.

काकूंनी तो बराच वेळ बघितला.

"मला काल रात्रीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "खळी मी नाही ओळखणार? नऊ महिने पोटात होती ती. हे झोपल्यावर मी तास-दीड तास बघत बसले होते. मला वाटायचं, ती म्हातारी कशी दिसली असती हे मला कधीच कळणार नाही. कळलं. तू चुकलीस म्हणून कळलं. त्यासाठी मी तुझ्यावर रागावू शकत नाही."

मला रडू आवरेना. क्लायंटसमोर मी रडत नाही, मला ते आवडत नाही, पण रडले.

"मग कापायला का आलात?" मी विचारलं.

"चेहरा मला आणता येणार नाही. केस तरी आणते."

मी विनवलं. आधी हा खरा फोटो काकांना दाखवू. ट्रायल असते कशासाठी? जे कापून परत जोडता येत नाही, ते आधी फोटोत बघण्यासाठी. कापायच्या ऐवजी केस आत दुमडून पिना लावून खोटा बॉब करून देते म्हटलं, नवरीमुलींना करते तसा, दोन तास टिकतो. विग मागवते म्हटलं.

"ते तिच्या केसांत हात घालायचे," काकू म्हणाल्या. "शाळेत असल्यापासून. कॉलेजातून आले की आधी तिच्या डोक्यावर हात. पिना टोचतील त्यांना. विग हातात येईल. मग काय समजतील ते?"

तरी फोटो दाखवायला त्या कबूल झाल्या. मी सासूबाईंना सांगितलं, अर्धा तास पार्लर बघा. माझ्याकडे बघून, काहीच न विचारता, त्या उठल्या आणि काउंटरमागे जाऊन बसल्या. हे असंही पहिल्यांदाच.

फ्लॅट नवव्या मजल्यावर. काका खिडकीपाशी खुर्चीत होते, खाडीकडे तोंड करून. हाडांवर शर्ट अडकवलेला. भिंतीवर त्यांचा आणि काकूंचा जुना फोटो होता, पन्नाशीच्या आतला. काकूंची काळीभोर वेणी खांद्यावरून पुढे आलेली आणि काका तिच्याकडे बघतायत, कॅमेऱ्याकडे नाही. मी तो फोटो बघितला आणि पुढे गेले. त्याच्यापाशी मी थांबायला हवं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"अहो," काकू म्हणाल्या, "ही भावना. तुम्हाला काही दाखवायला आलीय."

मी वाकून टॅब धरला. काकांनी सभ्यपणे बघितलं, एखाद्याच्या घरचा अल्बम बघावा तसं. "छान," म्हणाले, आणि पुन्हा खाडीकडे वळले. मग हळूच मला विचारलं, "या बाई जाणार कधी?" बोट काकूंकडे होतं.

बाहेर लिफ्टपाशी मी म्हटलं, "बघितलंत ना काकू? नका कापू. पाया पडते."

"भावना, फोटो घास भरवत नाही," काकू म्हणाल्या. "आणि तो चुकीचा फोटो मी रोज त्यांच्यासमोर ठेवू? तिचं भूत करून वाटीला टेकवू? मला ते नकोय. मला जायचंय त्यांच्यापुढे. कशीही. तू नाही कापलेस तर मी घरच्या कात्रीने कापेन."

आणि त्यांनी कापलेच असते. म्हणून मी कापले.

कोरड्या केसांची सैल वेणी घातली, वर आणि खाली रबर लावलं, आणि वरच्या रबराच्या जरा वरून कापलं. एवढ्या जाड वेणीला कात्री एका झटक्यात जात नाही. कर्र कर्र करत जावं लागतं, चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी काकूंचे खांदे किंचित हलायचे. सासूबाई दारातून उठून आल्या, काकूंच्या समोर उभ्या राहिल्या आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "ऱ्हाव दे बाय," म्हणाल्या, "रड. रडून घे." काकू रडल्या नाहीत.

मग धुतले, भांग डावीकडे पाडला, हनुवटीखाली दोन बोटं लांबी ठेवली. मानेवरच्या भोवऱ्यापाशी केस मुद्दाम जास्त ठेवले, म्हणजे ते बसतील. झुलपं शेवटी कापली, सुकवल्यावर, एकेक बट उचलून, कारण ओल्यात कापली की सुकून वर चढतात. कागदाचा फोटो आरशाला टेकवलेला होता. तिची आणि काकूंची झुलपं तंतोतंत जुळली. इतकं चांगलं काम मी फार कमी वेळा केलंय, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

वेणी मी कागदात गुंडाळून काकूंना दिली. त्यांनी ती माझ्याच पिशवीत टाकली. "तू ये वर," म्हणाल्या. "मला एकटीला धीर होत नाहीये."

शेजारच्या वहिनी गेल्या. काकूंनी वाटीत मऊ भात कालवला, तूप-मीठ घातलं. मी दाराशीच उभी राहिले. त्या काकांच्या समोर स्टुलावर बसल्या आणि वाकल्या. झुलपं कपाळावर आली.

काकांनी बघितलं. कपाळाला आठ्या घालून, गणित अडलं की माणूस बघतो तसं. मग त्यांचा हात उठला. हाडकुळा. तो काकूंच्या डोक्यावर गेला आणि बोटं केसांत शिरली.

"आसावरी," ते म्हणाले. "आलीस?"

काकूंनी डोळे मिटले. चाळीस वर्षं त्यांनी त्या माणसाला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. मला वाटलं, त्यांना जमणार नाही.

"हो बाबा," काकू म्हणाल्या. "आले."

घास पुढे केला. काकांनी तोंड उघडलं. एक घास, दुसरा, तिसरा. मी ओठ चावून उभी होते. मला वाटत होतं, झालं, जिंकल्या काकू. नळी टळली. फोटो खोटा ठरला आणि केस खरे.

चौथ्या घासाला काकांनी मान बाजूला केली.

"घ्या ना बाबा."

"आई कुठाय?"

काकूंचा हात तिथेच थांबला.

"तुझी आई कुठाय?" काका म्हणाले. आवाजात चार महिन्यांची सगळी भूक होती, आणि ती भाताची नव्हती. "कधीपासून वाट बघतोय तिची. घरात कोण कोण येतात, ती येत नाही. तिच्याशिवाय मी कधी जेवलोय का? बोलव तिला."

तेव्हा मला भिंतीवरचा तो फोटो समजला. काळी वेणी, आणि तिच्याकडे बघणारा माणूस. तोंडाने ते रोज मुलीबद्दल विचारत होते, पण घास नाकारत होते ते बायकोसाठी. आता तिचं जे काही त्यांना कळण्यासारखं उरलं होतं, ते मी माझ्या हाताने, कर्र कर्र करत कापलं होतं.

काकूंना हे माझ्याआधी कळलं होतं. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती आणि भोवऱ्यापाशी नीट बसलेले आखूड केस. ती पाठ एकदा हलली. मग सरळ झाली.

"येतेय बाबा," त्या म्हणाल्या. आवाज तरुण केला होता, थोडा लाडिक. तशीच बोलत असेल ती. "आई आत आहे. केस विंचरतेय."

काकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ते मागे टेकले.

"हां," म्हणाले. "मग वेळ लागेल तिला. लांब आहेत केस."

"हो," काकू म्हणाल्या. "तोवर एक घास घ्या."

त्यांनी तोंड उघडलं आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघत तो घास खाल्ला. मग आणखी एक. वाटी संपेपर्यंत त्यांची नजर त्या दारावरून हलली नाही. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत वेणी होती, तिच्या वजनाने पट्टा खाली ओढला जात होता.